‘बहिष्कृत’मधला ष

आपल्या शाळेतील विद्यार्थी पहाटेच्या वंदनेत ‘सिक्खापद’ म्हणतो आणि दोन-तीन तासांनी मराठीच्या वहीत ‘शिक्षण’ लिहितो. पालीत तो ‘सासन’ आणि ‘विसय’ वाचतो, मराठीत त्याला ‘शासन’ आणि ‘विषय’ लिहावे लागते. पालीला एकच स पुरतो. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाचे बिरुद ‘प्रियदसि’ असे कोरलेले आहे. त्याच सम्राटाच्या वायव्येकडील शाहबाजगढीच्या लेखात मात्र श, ष, स ही तिन्ही अक्षरे आढळतात. राजा एक, आज्ञा त्याच, प्रदेशाप्रमाणे उच्चार वेगळे. तेव्हा एखाद्या मुलाच्या तोंडी ‘सासन’ आले, तर त्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा मारणाऱ्या शिक्षकाने हा इतिहास आठवावा. ‘अशुद्ध’ हा शब्द आपल्या समाजाने पुरेसा ऐकला आहे.

याचा अर्थ मुलाने ‘सासन’च लिहावे, असा नाही. अर्ज, उत्तरपत्रिका आणि शब्दकोश प्रमाणलेखनावर चालतात. तत्सम शब्द त्यांत मुळाप्रमाणे लिहिले जातात. माझा आक्षेप शिकवण्याच्या रीतीला आहे. स आणि श यांतला फरक कानाला कळतो, म्हणून तो श्रुतलेखनाने शिकवता येतो. श आणि ष यांचे उच्चार मात्र आजच्या मराठीत बहुतेकांच्या तोंडी एकच झाले आहेत, शिक्षकांच्याही. जो फरक आपण उच्चारत नाही, तो ऐकला नाही म्हणून मुलाचे गुण कापणे हा सरळ अन्याय आहे. ष कानाने नव्हे, शब्दांच्या कुळावरून शिकवावा लागतो.

एक कूळ पाहू. नमस्कार, पुरस्कार, तिरस्कार, संस्कार यांत स आहे; बहिष्कार, आविष्कार, परिष्कार यांत ष आहे. शेवटी ‘कार’ सर्वांत तोच. मग फरक कशाने पडला? आधीचा स्वर पाहावा. ‘नम’, ‘पुर’, ‘तिर’, ‘सं’ यांच्या शेवटी अ आहे. ‘बहि’, ‘आवि’, ‘परि’ यांच्या शेवटी इ. संस्कृतात इ, उ, ऋ, ए, ओ यांच्या मागून येणारा स पुष्कळदा ष होतो, अ-आच्या मागून होत नाही. म्हणून ‘संस्कृती’त स आणि ‘परिष्कृत’मध्ये ष, जरी दोन्हींतले ‘कृ’ एकच असले तरी. बाबासाहेबांनी 1927 साली सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या नावातला ष याच नियमाचा. हे नाव आपल्या मुलांना पाठ असते. त्यावरून ‘दुष्काळ’ आणि ‘निष्काम’ त्यांना आपोआप लिहिता येतात.

‘शासन’चे कूळही असेच बोलके आहे. मूळ धातू शास्, आधी श, मग स. त्यापासून शासन, अनुशासन, शास्त्र. याच धातूपासून ‘शिष्य’ आणि ‘शिष्ट’ होताना ‘शा’चा ‘शि’ झाला, आणि इ आल्याबरोबर पुढच्या सचा ष झाला. पहिला श मात्र जागचा हलला नाही, कारण बदलतो तो स. या नियमाने मूळचा श बदलत नाही. यातूनच वर्गात करता येण्याजोगी एक कसोटी निघते. शब्दाच्या आरंभीचा उपसर्ग काढून पाहावा. ‘विशेष’मधून ‘शेष’ उरतो, ‘विशुद्ध’मधून ‘शुद्ध’. तेथे श कायम. ‘विषम’च्या पोटात ‘सम’ आहे, ‘अभिषेक’च्या पोटात ‘सिंचन’मधला सिच्, ‘प्रतिष्ठा’च्या पोटात ‘स्था’; तेथे सचा ष झालेला आहे.

ही कसोटी सर्वत्र चालत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. ‘विस्तार’, ‘विस्मरण’, ‘विसर्जन’, ‘अनुसार’ यांत इ किंवा उ असूनही स टिकला आहे. ‘भाषा’, ‘पाषाण’ यांत आ असूनही ष आहे, कारण तो मूळचाच. ‘विषय’ वि आणि सि (बांधणे) यांपासून झाला खरा, पण त्या सिची मराठीत दुसरी ओळखीची खूण नाही. असे शब्द पाठच करावे लागतात. जोडाक्षरांत मात्र काम सोपे आहे. संस्कृत शब्दांत च-छच्या आधी श, ट-ठच्या आधी ष, त-थच्या आधी स: निश्चय, कष्ट, निस्तेज. ‘स्टेशन’ आणि ‘पोस्ट’ संस्कृत नाहीत, त्यांना हा नियम लागत नाही. आमच्या लहानपणी गावच्या फलकांवर ‘माष्तर’ही असे, आणि ते सर्वांना नीट वाचता येई.

आपल्या शाळेपुरती माझी सूचना अशी, की पाचवी ते सातवीच्या श्रुतलेखनात श-ष या गोंधळाचे गुण कापू नयेत. त्याऐवजी पालीच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून फळ्यावर जोड्या लिहाव्यात: सासन–शासन, सिस्स–शिष्य, विसय–विषय. आठवड्याला पाच जोड्या पुरेत.