सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला, म्हणजे नेमकं किती?

'शेअर बाजारात हाहाकार, सेन्सेक्स हजार अंकांनी कोसळला' अशी बातमी मोबाईलवर आली की गावात चर्चा सुरू होते. आता अनेकांच्या घरात म्युच्युअल फंडाची एसआयपी आहे. हा आकडा वाचून घाबरून कुणी एसआयपी बंद करतो, कुणी पैसे काढून घेतो. पण नुसत्या अंकांवरून पडझड किती मोठी, हे कळतच नाही.

बाजार समितीतलं उदाहरण घ्या. क्विंटलमागे २०० रुपये भाव उतरला, एवढंच कुणी सांगितलं तर शेतकरी आधी विचारतो, कशाचा? हजार रुपयांचा कांदा २०० रुपयांनी उतरला तर पाचवा हिस्सा गेला, म्हणजे २० टक्के. पाच हजारांचं सोयाबीन तेवढंच उतरलं तर फक्त ४ टक्के. सेन्सेक्सचंही तसंच आहे.

४ जून २०२४ ला लोकसभेची मतमोजणी होती. त्या दिवशी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी पडला. त्याआधी कोरोनाच्या धास्तीने २३ मार्च २०२० ला तो ३,९३५ अंकांनी पडला होता. अंक पाहिले तर २०२४ ची पडझड मोठी वाटते. पण २०२४ मध्ये सेन्सेक्स ७६,४६९ वरून घसरला, म्हणजे ५.७४ टक्के. २०२० मध्ये तो २९,९१६ वर होता, म्हणून घसरण झाली १३.१५ टक्के. सेन्सेक्सप्रमाणेच चालणाऱ्या फंडात एक लाख रुपये असते, तर २०२४ मध्ये एका दिवसात साधारण ५,७४० रुपये कमी झाले असते, आणि २०२० मध्ये १३,१५०. अंक कमी, फटका दुपटीहून जास्त!

सेन्सेक्स जसा वर जातो, तसे हे अंक फुगत जातात. २८ एप्रिल १९९२ ला हर्षद मेहता घोटाळ्याच्या वेळी तो ५७० अंकांनी पडला, तेव्हा ती घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती. सेन्सेक्स ८०,००० वर असताना ५७० अंक म्हणजे एक टक्काही नाही.

हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. पडलेल्या अंकांना आदल्या दिवशीच्या बंद आकड्याने भागायचं आणि १०० ने गुणायचं. आदल्या दिवशीचा आकडा बातमीत नसेल, तर आजच्या बंद आकड्यात पडलेले अंक मिळवले की तो मिळतो. समजा आज सेन्सेक्स ७९,००० वर बंद झाला आणि हजार अंक पडले. म्हणजे काल तो ८०,००० होता आणि घसरण सव्वा टक्का. पन्नास हजारांमागे सव्वासहाशे रुपये.

मात्र सेन्सेक्स ३० मोठ्या कंपन्यांचाच आहे. आपला फंड छोट्या कंपन्यांचा असेल, तर तो याहून जास्त किंवा कमी पडू शकतो. म्हणून आपल्या फंडाची एनएव्ही काल किती होती आणि आज किती आहे, तेही याच रीतीने टक्क्यात काढावं. निर्णय घ्यायचा तो त्यानंतर.