मतं फुटतील म्हणून घाबरायचं कुणी? न्यूयॉर्कच्या पसंतीक्रमाचा हिशोब

प्रत्येक इलेक्शनच्या आधी आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपली मतं फुटू देऊ नका." उमेदवार कितीही चांगला असो, तो निवडून येण्यासारखा नसेल तर त्याला मत म्हणजे मत वाया, असं जाणती माणसं समजावतात. आजच्या पद्धतीत त्यांचं चुकतही नाही. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी, मग शंभरातली पासष्ट त्याच्या विरोधात का असेनात.

पण ही भीती माणसांची आहे की पद्धतीची? न्यूयॉर्क शहरात 2025 मध्ये एकाच महापौरपदासाठी पाच महिन्यांच्या आत दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मतदान झालं. त्यात याचं उत्तर सापडतं.

झोहरान ममदानी महापौर झाले, ही बातमी आपल्या घराघरांत पोहोचली. मात्र ते आधी 24 जूनला डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी कशी जिंकले, याची चर्चा फारशी झाली नाही. त्या पक्षांतर्गत निवडणुकीत अकरा उमेदवार होते, आणि मतदाराला एकच शिक्का मारायचा नव्हता. पहिली पसंती, दुसरी, तिसरी अशा पाच पसंतींपर्यंत नावं निवडता येत होती. शहरातल्या लोकांनी 2019 मध्ये सार्वमत घेऊन ही पद्धत आणली आणि 2021 मध्ये महापौरपदासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली.

मोजणीचा नियम सोपा आहे. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती मोजायच्या. कुणाला निम्म्याहून जास्त मिळाल्या तर काम संपलं. नाही मिळाल्या तर सगळ्यांत शेवटच्या उमेदवाराला बाद करायचं आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवर पुढची पसंती कोणाची, ते पाहून ते मत तिकडे द्यायचं. दोघंच उरेपर्यंत हे चालू राहतं.

समजा एका बाईंनी पहिली पसंती ब्रॅड लँडर यांना, दुसरी एड्रिएन अॅडम्स यांना आणि तिसरी ममदानींना दिली. लँडर बाद झाले की त्यांचं मत अॅडम्सकडे जाणार. अॅडम्स आधीच बाद झालेल्या असतील तर थेट ममदानींकडे. बाईंचं मत प्रत्येक फेरीत एकच राहतं, फक्त जागा बदलतं.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. पहिल्या पसंतीची ममदानींना सुमारे 4 लाख 70 हजार मतं मिळाली, म्हणजे जवळपास 44 टक्के. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना सुमारे 3 लाख 87 हजार, लँडर यांना सुमारे 1 लाख 20 हजार. निम्म्यापर्यंत कुणीच पोहोचलं नव्हतं. कुओमोंच्या खालच्या सगळ्यांची मतं एकत्र केली तरी कुओमोंपेक्षा कमी भरत होती, म्हणजे त्यांच्यापैकी कुणी वर येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे एकेकाला काढत बसायची गरज पडली नाही. सगळ्यांना बाद करून त्यांची मतं वाटली गेली. शेवटी ममदानी सुमारे 5 लाख 73 हजार आणि कुओमो 4 लाख 43 हजार, म्हणजे साधारण 56 विरुद्ध 44 टक्के.

कुणी म्हणेल, ममदानी पहिल्यापासूनच पुढे होते, मग या पद्धतीनं बदललं काय? प्रश्न बरोबर आहे. विजेता बदलला नाही. बदलला तो प्रचार. मतदानाच्या दहा-बारा दिवस आधी ममदानी आणि लँडर या दोघांनी एकमेकांना पाठिंबा जाहीर केला: पहिली पसंती मला द्या, दुसरी यांना. एक मुस्लिम, दुसरा ज्यू, आणि दोघंही एकाच पदासाठी मैदानात. जुन्या पद्धतीत दोघांपैकी एकाला "मतं खाऊ नकोस, बस" असं सांगितलं गेलं असतं. इथं कुणाला बसावं लागलं नाही. बाद झालेल्यांकडून ममदानींना एक लाखाहून जास्त मतं मिळाली, कुओमोंना त्याच्या निम्म्याच्या आसपास.

नोव्हेंबरची मुख्य निवडणूक मात्र त्याच शहरात जुन्या पद्धतीनं झाली, कारण पसंतीक्रम तिथं फक्त पक्षांतर्गत आणि पोटनिवडणुकीला लागू आहे. कुओमो अपक्ष उभे राहिले आणि लगेच आपल्या ओळखीची भाषा सुरू झाली: रिपब्लिकन उमेदवार कर्टिस स्लिवा यांनी माघार घ्यावी, नाहीतर ममदानीविरोधी मतं फुटतील. लोक तेच, शहर तेच. पद्धत बदलताच भीती परत आली. ममदानींना निम्म्याहून थोडी जास्त मतं पडली, म्हणून तो वाद तिथंच मिटला.

या पद्धतीची कमजोरीही समजून घ्यायला हवी. 2021 मध्ये एरिक अॅडम्स शेवटच्या फेरीत कॅथरिन गार्सिया यांच्यापुढे फक्त 7,197 मतांनी राहिले. टक्केवारीत 50.4, म्हणजे बहुमत. पण तोपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार मतपत्रिका हिशोबातून बाहेर पडल्या होत्या. त्यांवर उरलेल्या दोघांपैकी कुणाचीच पसंती नव्हती. सगळ्या मतपत्रिका धरल्या तर अॅडम्स यांचा वाटा 43 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून "बहुमत" ऐकलं की विचारावं: कशाचं? टाकलेल्या मतांचं की शेवटपर्यंत टिकलेल्या? ममदानींच्या वेळी बाहेर पडलेल्या मतपत्रिका बऱ्याच कमी होत्या, आणि त्या धरूनही ते निम्म्याच्या वरच राहतात.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. महाराष्ट्र विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत असंच मतदान होतं. शिक्षक म्हणून मीही केलंय. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननं नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. बरोबरची खूण केली, आकडा अक्षरांत लिहिला किंवा दोघांपुढे 1 लिहिला की मत बाद. स्टाफरूममध्ये मात्र दरवेळी कुणीतरी सांगतं, "फक्त एक नंबर द्या सर, दुसरा दिला तर आपल्या माणसाचं नुकसान." हे खरं नाही. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतही नाही. तो बाद झाल्यावरच ती उघडते. ती लिहिली नसेल तर तुमचा कागद न्यूयॉर्कच्या त्या 1 लाख 40 हजारांसारखा बाजूला पडतो, आणि शेवटच्या दोघांतला निवाडा बाकीचे करतात.

एक गैरसमज मात्र नको. पसंतीक्रमानं कमी संख्येचे लोक बहुसंख्य होत नाहीत. जागा एकच असेल तर शेवटी निम्म्यांच्या पुढे जावंच लागतं. ममदानी फक्त मुस्लिमांच्या मतांवर तिथं पोहोचले नाहीत. ज्यांची पहिली पसंती दुसऱ्या कुणाला होती, अशा लाखभर लोकांनी खालच्या रांगेत का होईना, त्यांचं नाव निवडलं होतं. जुन्या पद्धतीत आपण विचारतो, आपली मतं किती आहेत? या पद्धतीत त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: बाजूच्या घराची दुसरी पसंती आपण होऊ शकतो का?