चुकीच्या बदामाला पूर्ण मार्क

पहिल्या वर्षाला मॅथ्सच्या पेपरात मी r = a(1 + cosθ) हा कार्डिऑइड काढला होता. त्याला पूर्ण मार्क पडले, आणि आकृती साफ चुकलेली होती. ही कबुली इतक्या उशिरा द्यायचं कारण एवढंच, की चूक मला कळली तीच मुळी परवा, हॉस्टेलवर एका ज्युनियरला शिकवायला बसलो तेव्हा.

त्याने साधा प्रश्न विचारला. "दादा, θ = ९०° ला ह्या कर्व्हच्या टँजंटचा स्लोप किती?" मी सीनियरच्या रुबाबात म्हणालो, "डेरिव्हेटिव्ह घे आणि θ टाक." त्याने लगेच dr/dθ = −a sinθ काढून −a असं उत्तर दिलं. मी मान डोलावली. मग तो म्हणाला, "म्हणजे a दोन घेतला तर स्लोप उणे दोन, आणि पाच घेतला तर उणे पाच? आकृती मोठी काढली की स्पर्शिका जास्त तिरकी होते का?"

झेरॉक्सवर फोटो मोठा केला म्हणून नाक कोणाचं वाकडं होत नाही. कार्डिऑइड कितीही मोठा काढला तरी ९०° ला स्पर्शिकेचा कल तोच राहायला हवा. तेव्हा dr/dθ म्हणजे स्लोप नव्हेच. कोन थोडा वाढवला की पोलपासूनचं अंतर किती वाढतं किंवा घटतं, एवढंच ते सांगतं. चढ हवा असेल तर x = r cosθ आणि y = r sinθ मांडून दोघांचं θ च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि भागाकार करायचा:

dy/dx = (r' sinθ + r cosθ) / (r' cosθ − r sinθ)

इथे r' म्हणजे dr/dθ. ९०° ला r = a आणि r' = −a. वर −a, खाली −a, म्हणून स्लोप १. a कुठल्या कुठे उडून गेला, आणि चिन्हसुद्धा आमच्या उत्तराच्या उलट निघालं!

हा फॉर्म्युला आपण सगळेच आदल्या रात्री घोकतो. माझं म्हणणं असं, की त्याच्याआधी एक छोटी गोष्ट शिकवायला हवी. कोन dθ ने वाढला की बिंदू दोन दिशांना सरकतो: त्रिज्येच्या रेषेत dr इतका, आणि तिला काटकोनात r dθ इतका. त्रिज्या आणि स्पर्शिका ह्यांच्यातल्या कोनाला φ म्हटलं तर

tan φ = r dθ / dr = r / r'

संपलं. त्रिज्या इनिशियल लाइनशी θ कोन करते, स्पर्शिका तिच्यापुढे आणखी φ वळलेली असते, म्हणून स्लोप म्हणजे tan(θ + φ). dr/dθ ची खरी जागा इथे आहे, छेदात.

आता हेच आपल्या कार्डिऑइडला लावू. tan φ = −(1 + cosθ)/sinθ. अर्ध्या कोनाची सूत्रं वापरली की हे −cot(θ/2) होतं, म्हणजे φ = 90° + θ/2. मग θ + φ = 90° + 3θ/2, आणि

स्लोप = −cot(3θ/2)

एवढ्या एका ओळीत अख्खा कर्व्ह बसतो. 3θ/2 हा ९०° चा विषम पट झाला की स्पर्शिका आडवी: θ = ६०°, १८०°, ३००°. तो १८०° चा पट झाला की स्पर्शिका उभी: θ = ०°, १२०°, २४०°. समजा a = ४ सेंमी. ६०° ला r = ६ सेंमी, म्हणून सर्वांत उंच बिंदू x = ३, y = ५.२ वर येतो. १२०° ला r = २, म्हणून तो बिंदू x = −१, y = १.७ वर.

ह्या x = −१ नेच माझं पितळ उघडं पाडलं. माझ्या उत्तरपत्रिकेतला बदाम पोलपाशी सुरू होऊन पूर्णपणे उजवीकडेच पसरला होता. खरा कर्व्ह पोलच्याही मागे एक सेंटिमीटर जातो, तिथे उभी स्पर्शिका घेतो आणि मग खाचेत शिरतो. सर्वांत उंच बिंदू मी पोलच्या बरोबर वर, ९०° ला काढला होता. तिथे उंची फक्त ४ सेंमी असते, आणि स्लोप १ असल्यामुळे कर्व्ह उतारावर असतो, शिखरावर नव्हे.

तिसरी चूक खाचेतली. θ = १८०° ला मोठा फॉर्म्युला लावला तर वर शून्य, खाली शून्य. बरेच जण इथे "टँजंट डझ नॉट एक्झिस्ट" लिहून पुढे जातात. पुस्तकातली युक्ती म्हणते, r = ० ठेवा, येणारा θ हीच पोलवरची स्पर्शिका. उत्तर बरोबर येतं, पण ती युक्ती r' शून्य नाही असं धरून ते वरून-खालून छाटते, आणि इथे r' सुद्धा शून्यच आहे. अशा वेळी जवळच्या किमती बघाव्यात. १७०° ला स्लोप −०.२७, १७९° ला −०.०२६, १८१° ला +०.०२६. दोन्ही बाजूंनी शून्याकडे. म्हणजे स्पर्शिका आहे, आणि ती इनिशियल लाइनच आहे. बिंदू डावीकडून पोलपाशी येतो आणि त्याच रेषेला चिकटून माघारी वळतो. मी मात्र तिथे पत्त्यातल्या बदामासारखा चांगला रुंद "व्ही" काढला होता.

काही सर म्हणतील, φ ची ही सफाई कार्डिऑइडपुरतीच आहे. मान्य. r = a + b cosθ मध्ये a आणि b वेगळे असले की अर्धा कोन असा सुटत नाही, तिथे मोठा फॉर्म्युलाच वापरावा लागतो. पण φ चा अर्थ तिथेही तोच राहतो, आणि आपलं उत्तर आकृतीशी जुळतं की नाही हे त्यावरूनच कळतं.

आणि dr/dθ ला कोणी टाकाऊ समजू नये. गॅदरिंगला गाणाऱ्याच्या हातातला माइक बहुधा कार्डिऑइडच असतो. त्याच्या आलेखात r म्हणजे त्या दिशेने येणारा आवाज तो किती पकडतो ते. समोर, ०° ला, dr/dθ शून्य असतं, म्हणून गाणाऱ्याने मान थोडी हलवली तरी आवाज पडत नाही. ९०° ला पकड निम्मी होते आणि तिथेच ती सर्वांत वेगाने घटते. ह्या प्रश्नात dr/dθ च हवं, dy/dx चा काही उपयोग नाही. प्रश्न कशाचा आहे ते आधी ठरवायचं, मग डेरिव्हेटिव्ह घ्यायचं.

म्हणून पेपर तपासणाऱ्या सरांना आणि मॅडमना विनंती: कर्व्ह ट्रेसिंगला मार्क देताना बदाम सुबक आहे का, हे बघू नका. उभी स्पर्शिका पोलच्या मागे आहे का, शिखर ६०° ला आहे का, आणि खाचेतल्या दोन्ही बाजू आडव्या रेषेला चिकटून येतात का, एवढं बघा. ह्या हिशोबाने माझे मार्क कापले गेले असते. चालले असतं. निदान तीन वर्षांनी ज्युनियरसमोर मान खाली घालावी लागली नसती.