‘अक्करमाशी’चा साधेपणा भाबडा नाही

दलित आत्मकथनांविषयी एक मत इतकं रुळलं आहे की ते नुसतं मत आहे, हेही आता कुणाच्या ध्यानात येत नाही. अनुभव जबरदस्त, भाषा मात्र साधी. म्हणजे दस्तऐवज म्हणून मोल मोठं, साहित्य म्हणून बेताचं. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’च्या वाट्याला हे मत जरा जास्तच आलं. पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झालं तेव्हा लेखक अठ्ठावीस वर्षांचा होता. वाक्यं तोकडी, शब्द रोजचे, वर्णनाचा सोस नाही. त्यावरून असा निष्कर्ष काढणं सोपं होतं की सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सांगायचं कसं ते ठाऊक नव्हतं, आणि वाचक जो अस्वस्थ होतो तो मजकुरानं होतो. भाषेचा त्यात हात नाही. हे मत मला साफ चुकीचं वाटतं. ‘अक्करमाशी’ वाचताना जी अस्वस्थता येते ती भाषेनं घडवलेली आहे, आणि ती कशी घडवली हे पुस्तकातच दाखवता येतं.

सहलीचा प्रसंग घ्या. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शाळेतली मुलं गुरुजींबरोबर रानात जातात. जेवायला सवर्णांची मुलं एका झाडाखाली बसतात, महारांची दुसऱ्या झाडाखाली. सवर्ण मुलांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं एकत्र करून महारांच्या मुलांना दिलं जातं. ते गाठोडं घेऊन मुलं निघतात, बाकीच्यांचे डोळे गाठोड्यावर खिळलेले, आणि मग सगळे त्यावर तुटून पडतात. घरी आल्यावर मुलगा हे आईला, मसामायला, सांगतो. ती ना रागावते ना रडते. माझ्यासाठी थोडं का आणलं नाहीस, एवढंच विचारते. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगतात आणि मुलाला सुरुवातच करता येत नाही.

लिंबाळ्यांनी इथं काय काय गाळलं आहे ते पाहण्यासारखं आहे. गाठोडं हातात आलं तेव्हा मुलाला अपमान वाटला, असं ते सांगत नाहीत. उलट त्या अन्नाचा आनंद सांगतात, आणि वाचकाची पहिली पंचाईत तिथंच होते. वाचक संतापायला तयार होऊन बसलेला असतो आणि समोरची मुलं खुशीत असतात. मग तो आईकडे वळतो. आई तरी हे उष्टं नाकारील, लेकराला पोटाशी घेईल. तीही स्वतःचा वाटा मागते. समजा तिथं लेखकानं ‘उष्ट्यासाठी आसुसलेल्या त्या माउलीच्या डोळ्यांत युगायुगांची भूक दाटून आली होती’ असलं एखादं वाक्य घातलं असतं (हे वाक्य माझं आहे, आणि मराठीत असली वाक्यं पैशाला पासरी मिळतात), तर वाचकाची सुटका झाली असती. हळहळायची जागा मिळाली असती, आणि एकदा हळहळलं की पान उलटायला मन मोकळं होतं. लिंबाळे ही जागा देत नाहीत. आईचा प्रश्न जसाच्या तसा ठेवतात आणि पुढं जातात. त्या प्रश्नाचं काय करायचं, हे ज्यानं त्यानं आपलं बघावं.

निबंधाची गोष्टही नीट पाहायला हवी. ‘सहल’ हा मराठी शाळांचा नेमाचा विषय. त्याची वाक्यं ठरलेली असतात: सकाळी लवकर निघालो, झाडाखाली डबे सोडले, मजा आली. त्या मुलाकडे या वाक्यांत बसणारा ऐवज नव्हता. पण मोठेपणी त्यानं हे पुस्तक लिहिलं ते जवळपास तसल्याच वाक्यांत: कर्ता, कर्म, क्रियापद आणि पूर्णविराम. पात्रं बोलतात ती सोलापूरकडच्या बोलीत, निवेदन मात्र बरंचसं शाळेत शिकवलेल्या मराठीत. हे कौशल्याच्या अभावानं झालं असं म्हणणाऱ्यानं एवढं तरी पाहावं की याचा परिणाम काय होतो. सगळं पुस्तक बोलीत असतं तर शहरी वाचकाला ‘त्यांची भाषा, त्यांचं जग’ म्हणून दोन पावलं मागं सरता आलं असतं, वर रांगडेपणाचं कौतुकही करता आलं असतं. इथं भाषा त्याची स्वतःची आहे, त्याच्या मुलाच्या निबंधवहीतली आहे, आणि तिच्यात उष्ट्याचं गाठोडं आहे.

आता जरा वजनदार आक्षेपाकडे वळू. मजकूरच इतका भयंकर आहे की तो कोणत्याही भाषेत सांगितला तरी वाचक हादरेल, असं म्हटलं जातं. मग भाषेला श्रेय कशाला? याला उत्तर म्हणून दुसरा प्रसंग. सुगीच्या दिवसांत गुरं ज्वारीच्या रानात चरतात आणि न पचलेले दाणे शेणातून तसेच बाहेर पडतात. आजी, संतामाय, तसलं शेण गोळा करते, नदीच्या पाण्यात धुऊन दाणे वेगळे काढते, उन्हात वाळवते, दळते आणि त्या पिठाची भाकरी करून खाते. नातू त्यातला तुकडा मागून घेतो. चावताना त्याला शेणाचा वास येतो. संतामाय ती भाकरी सहज खात असते.

याच्या शेजारी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा ठेवून पाहा. तिथला भीमा पोटासाठी मुडद्यांच्या राखेत आणि थडग्यांत सोनं शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. मजकुराच्या भीषणतेत ही कथा संतामायच्या भाकरीपेक्षा कुठंच कमी नाही. झाली तर जास्तच आहे. पण ती वाचताना आपण थरारतो, श्वास रोखून धरतो. भीमाच्या ताकदीचं नवल वाटतं, कारण अण्णा भाऊंची भाषा त्या झुंजीला झुंजीसारखीच रंगवते. तो त्यांचा हेतू आहे आणि तो फळाला आला आहे. संतामायच्या प्रसंगात झुंज नाही. तिथं आहे ती एक कृती, पापड कसे करावेत हे सांगावं इतक्या क्रमानं सांगितलेली: गोळा करणं, धुणं, वाळवणं, दळणं, भाजणं. घरकामाच्या या ओळखीच्या क्रियापदांमागून वाचक बिनधोक चालत जातो, आणि भाकरी तव्यावर गेल्यावर आपण कुठं आलो हे त्याला कळतं. भीमाचं आयुष्य असामान्य वाटतं. संतामायचं रोजचं वाटतं, आणि म्हणून ते अंगावर येतं. दोन्हीकडे विषय भूक हाच असून परिणाम इतके वेगळे होतात, तेव्हा फरक मजकुरानं पडला असं म्हणता येत नाही.

माझ्या म्हणण्याच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा मात्र ‘अक्करमाशी’च्या उण्या जागांतच आहे. हे पुस्तक सगळीकडे साधं नाही. आपण कोण, आपली जात कोणती, आपला बाप नेमका कोण, या प्रश्नांपाशी आलं की लिंबाळे एकामागून एक प्रश्नांची माळ लावतात. भाकरीवरचं चिंतनही असंच चढ्या आवाजातलं आहे. ते प्रश्न खोटे नाहीत. आई महार, बाप बासलेगावचा लिंगायत पाटील हणमंता लिंबाळे, आजीच्या सोबतीला राहणारा आणि या नातवाला आपलं म्हणणारा दादा मुसलमान. अशा घरात वाढलेल्याला ते पडणारच. पण तिथं काय वाटून घ्यायचं हे वाचकाला आयतं सांगितलं जातं, आणि तो मान डोलावून सहमत होतो. सहमत होणं हे अस्वस्थ होण्यापेक्षा फार सोपं काम. यातून दोन गोष्टी निघतात. लेखकाला चढा स्वर ठाऊक होता आणि तो लावताही येत होता. म्हणजे सहलीत आणि भाकरीत तो लावला नाही, त्याला असमर्थता म्हणता येत नाही. आणि दुसरी, जिथं तो लावला तिथं पकड सैल झाली. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लावायचं हा पेच जिथं नुसता घटना म्हणून येतो, तिथं तो त्या सगळ्या प्रश्नमाळेहून जड भरतो.

पुस्तकाला आत्मकथन म्हणायचं की आत्मकथनात्मक कादंबरी, या वादात मला फारसा रस नाही. एवढंच म्हणेन की दोन्ही नावं पळवाट म्हणून वापरली जातात. ‘कादंबरीच आहे’ म्हणणारा रचलेलं असेल म्हणून सुटतो. ‘निव्वळ जीवन आहे’ म्हणणारा रचना पाहायचं टाळतो. गाठोडं, आईचा प्रश्न आणि निबंध हे तिन्ही खरे असतील. पण त्यांना या क्रमानं, मधलं सगळं वगळून एकापुढे एक ठेवणं हे लेखकाचं काम आहे.

शेवटचा आक्षेप आतून येतो, आणि तो मला सहज उडवून लावता येत नाही. दलित आत्मकथनांवर दलित वाचकांतूनही टीका झाली, ‘बलुतं’पासूनच झाली: ज्या उकिरड्यातून बाहेर पडलो तो पुन्हा कशाला उकरायचा, आणि घरातल्या बायकांची लक्तरं चव्हाट्यावर कशाला टांगायची? ‘अक्करमाशी’त हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण कथेचा कणाच आईचे आणि आजीचे समाजाला अमान्य संबंध हा आहे. याचं एक उत्तर साध्या भाषेतच सापडतं. लिंबाळे मसामायचा न्याय करत नाहीत आणि वकिलीही करत नाहीत. तिचा संसार मोडला, पाटलानं तिला ठेवलं, मूल झाल्यावर टाकलं, हे ते ज्या सुरात सांगतात त्याच सुरात दुष्काळ सांगतात, शाळा सांगतात. सवर्ण सभ्यतेनं अशा बाईसाठी दोनच शब्दसंग्रह राखून ठेवले होते, शिवीचा आणि कीव करण्याचा. या पुस्तकाचं निवेदन दोन्ही नाकारतं, आणि पाटलाचं वागणं झाकायलाही मग वाचकापाशी काही उरत नाही.

पण इथंच या भाषेची हद्दही लागते. जे मुलाला दिसलं आणि ऐकू आलं तेच ती सांगू शकते. मसामायला हणमंताविषयी काय वाटत होतं, तिनं कधी नकार दिला होता का, नंतर दुसऱ्या पाटलाच्या आधारानं राहताना तिनं मनाशी काय हिशेब केला, हे मुलाच्या निवेदनात येत नाही. आणि ओढूनताणून आणलं असतं तर तो पुन्हा चढा स्वर झाला असता. तिच्या बाजूनं बोलायला मुलगा पुरा पडत नाही. १९८६ साली बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तकं आली, त्यांत दलित बाई स्वतःच्या तोंडानं बोलते. ‘अक्करमाशी’ त्यांच्यासोबत वाचलं की मसामायची गप्प राहण्याची जागा जास्त स्पष्ट दिसते.