लोगोवर अडकलेला टीव्ही आणि रीसेटची किंमत

सांगलीच्या एका वाचकबाईंचा फोन आला. पाच वर्षांचा अँड्रॉइड टीव्ही लावला की कंपनीचा लोगो येतो, थोडा वेळ तसाच राहतो, पडदा काळा होतो आणि पुन्हा लोगो. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं होतं, "रीसेट मारा." असा सल्ला फोनवर देणं मला अजिबात पटत नाही. फॅक्टरी रीसेटमध्ये तुम्ही टीव्हीत भरलेलं सगळं पुसलं जातं. कंपनीने भरलेली मूळ प्रणाली मात्र जागची हलत नाही. त्यामुळे अर्धवट अपडेटने ती प्रणालीच बिघडली असेल, तर रीसेट करूनही लोगो तिथेच राहील.

म्हणून आधी साध्या गोष्टी. रिमोटने बंद करणं म्हणजे टीव्ही नुसता झोपवणं, तेव्हा प्लगच काढायचा. टीव्हीवरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल, पेनड्राइव्ह, साउंडबार, सगळं काढायचं. वायफायचा राउटरही बंद ठेवायचा, कारण सुरू होताच इंटरनेटकडे धावणारं एखादं ॲप टीव्हीला खाली ओढत असू शकतं. एवढ्यावर टीव्ही उघडला, तर एकेक वस्तू परत जोडत गेलं की दोषी सापडतो. बाईंचा टीव्ही उघडला नाही.

पुढची पायरी रिकव्हरी मेनूची. बहुतेक अँड्रॉइड टीव्हींत टीव्हीवरचं पॉवर बटण दाबून धरून प्लग लावला की हा मेनू येतो. काही मॉडेलांत बटणं वेगळी असतात, त्यासाठी पुस्तिका पाहावी. इथे घाई करायची नाही. मेनू तसाच उघडा ठेवून पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. या मेनूत तुमची ॲप्स चालत नसतात. तरीही टीव्ही आपोआप बंद-चालू होत असेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या बोर्डात किंवा मदरबोर्डवर असतो आणि रीसेटने काही साधणार नाही. बाईंच्या टीव्हीचा मेनू स्थिर राहिला. दोष साठवलेल्या माहितीत असण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

मेनूत `Wipe cache partition` दिसलं, तर आधी ते करावं. त्यात फक्त तात्पुरती माहिती जाते, लॉगिन राहतात. सहसा त्याच्या वर असणारं `Wipe data/factory reset` वेगळं आहे. एकच बटण असलेल्या टीव्हीत हलकं दाबलं की ओळ खाली सरकते आणि दाबून धरलं की निवड होते. नको ती ओळ निवडली जाते ती इथेच. बाईंनी कॅश पुसून पाहिली, फरक पडला नाही. मग रीसेटच उरला.

पण त्याआधी मी त्यांना एक कागद घ्यायला सांगितलं. वायफायचा पासवर्ड, गूगल खात्याचा पासवर्ड आणि प्रत्येक ओटीटीचा नोंदवलेला मोबाइल नंबर त्यावर लिहायचा. भरलेली वर्गणी बुडत नाही, ती खात्यावर असते. खात्यात शिरण्याचा ओटीपी मात्र नोंदवलेल्या नंबरवरच जातो आणि बाईंच्या घरी तो नंबर मुलाचा, मुलगा दुबईत. तो कामावरून सुटेपर्यंत आम्ही थांबलो.

मग रीसेट केला आणि टीव्ही उघडला. व्हॉइस रिमोट पुन्हा जोडावा लागला. छत्रीची केबल थेट टीव्हीत होती, त्यामुळे फ्री डिशचे चॅनेल पुन्हा शोधावे लागले. या गोष्टी संध्याकाळभरात उरकल्या. एक नुकसान मात्र कायमचं झालं. बाई रोज भजनं ऐकत ते ॲप आता इतक्या जुन्या अँड्रॉइडसाठी स्टोअरमध्ये मिळत नाही. आधी उतरवलेली जुनी आवृत्ती चालत होती, रीसेटने ती गेली. जुन्या टीव्हीच्या बाबतीत हे मला सर्वांत महाग वाटतं आणि नेमकं हेच कुणी आधी सांगत नाही. टीव्ही अधूनमधून तरी उघडत असेल, तर रोजची ॲप्स स्टोअरमध्ये अजून मिळतात का, ते त्या वेळातच पाहून ठेवावं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. रीसेट पूर्ण झाल्याचं पडद्यावर दिसलं, टीव्ही सुरू झाला आणि जुनी ॲप्स, जुनी लॉगिन जशीच्या तशी समोर आली, तर खूश होऊ नका. मदरबोर्डवरच्या साठवणुकीच्या चिपवर आता काही लिहिलंच जात नाही, असा त्याचा अर्थ. मग पुन्हा पुन्हा रीसेट करू नये. दुरुस्तीवाल्याला ही खूण सांगून चिप बदलण्याचा आणि पूर्ण बोर्डाचा, असे दोन वेगळे भाव मागावेत.