एक पत्रिका, तीन खडे

मुलीचं लग्न लांबलं की घरात पुष्कराजाची चर्चा सुरू होते. तूळ लग्नाची पत्रिका घ्या. एक ज्योतिषी म्हणेल, स्त्रीच्या पत्रिकेत गुरू हा पतीचा कारक, तेव्हा पुष्कराज घाला. दुसरा सप्तमेश पाहील: सातव्या घरात मेष रास, तिचा स्वामी मंगळ, म्हणून पोवळं. तिसरा हिरा सांगेल, कारण शुक्र लग्नेशही आहे आणि विवाहाचा कारकही; शिवाय तो बजावेल की तूळ लग्नाला गुरू तिसऱ्या आणि सहाव्या घराचा स्वामी, त्याला बळ देऊच नका. तिघेही आपापल्या नियमाला धरूनच बोलतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या नियमाने, आणि हाच खडा का? दुसरा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच: खडा तुमच्याकडूनच घ्यायचा का, दुकानाकडून तुम्हाला काही मिळतं का? मग खडा. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. त्याच्या नावाखाली पिवळा टोपाझ किंवा स्वस्त सुनेलाही खपवला जातो, आणि खरा नीलमसुद्धा तापवून किंवा बेरिलियमची प्रक्रिया करून पिवळा केलेला असू शकतो. डोळ्यांना हे कळत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर खडा नैसर्गिक आहे का, प्रक्रिया कोणती, वजन किती कॅरेट, हे वाचा. रत्ती दुकानागणिक बदलते. खड्याने लग्न जुळतं याला पुरावा नाही, त्यामुळे त्यासाठी कर्ज काढू नका, आणि परतीची अट पावतीवर लिहून घ्या.