खोटे माणिक की खरी लालडी?

घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या आत्याकडे तिच्या सासूबाईंची एक अंगठी आहे. घरात सगळे तिला ‘माणकाची अंगठी’ म्हणत. गेल्या दिवाळीआधी ती मोडायला नेली, तेव्हा सराफाने भिंगातून खडा पाहिला आणि म्हणाला, “बाई, हे माणिक नाही. खोटे आहे. सोन्याचे तेवढे पैसे देतो.” आत्याचा चेहरा उतरला. त्याचे पहिले वाक्य बरोबर होते, दुसरे चूक. आणि माझे भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

खडा कोंदणातून काढून आम्ही विज्ञान शाखेच्या तराजूवर तोलला. हवेत ७२० मिलिग्रॅम भरला. बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला तेव्हा ५२०. म्हणजे पाण्यात २०० मिलिग्रॅमची घट, आणि ७२० ला २०० ने भागले की ३.६. माणकाची घनता ४ असते, त्यामुळे तेवढ्याच वजनाचे माणिक १८० मिलिग्रॅमच घटले असते. ३.६ ही घनता स्पिनेलची, म्हणजे बाजारात जिला लालडी म्हणतात तिची. मात्र काही तामडेही या आकड्याच्या जवळपास येतात, म्हणून खडा अतिनील दिव्याखाली धरला. तो लालभडक उजळला. लोहामुळे तामडा सहसा असा उजळत नाही. कृत्रिम स्पिनेल नव्हे ना, हे मात्र घरगुती उपायांनी ठरत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत जावे लागले. तिथे खड्याच्या पोटात अष्टफलक आकाराचे सूक्ष्म स्फटिक दिसले आणि तो नैसर्गिक ठरला.

हा गोंधळ आजचा नाही. दोन्ही खड्यांना लाली क्रोमियमचीच, आणि ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खड्या-वाळूत दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. मोगल बादशहांची नावे कोरलेले ‘तैमूरचे माणिक’ १८४९ नंतर लाहोरहून इंग्लंडला गेले, तेही स्पिनेलच! फरक दिसतो तो प्रकाशात: माणिक फिरवून पाहिले तर त्यात लालाच्या दोन छटा दिसतात, लालडीत एकच.

पण लालडीची खरी बदनामी केली ती कारखान्यांनी. विसाव्या शतकात कृत्रिम स्पिनेल मुबलक निघू लागले आणि निळ्या-हिरव्या रत्नांची नक्कल म्हणून खपले. तेव्हापासून अनेकांच्या मनात ‘स्पिनेल म्हणजे नकली’ असे बसले. गंमत अशी, की आगीच्या झोतात लाल स्पिनेल बनवणे अवघड. स्वस्त लाल नकली खडा बहुधा कृत्रिम माणिकच असतो.

माझे मत असे, की मध्यमवर्गीय घराने भेगांत काच भरलेले माणिक घेण्यापेक्षा लहानशी, तापवलेली नसलेली लालडी घ्यावी. उत्तम लाल लालडी आता स्वस्त राहिलेली नाही, हे खरे. टांझानियात २००७ साली महेंगे येथे मोठे स्फटिक सापडल्यापासून तिची मागणी वाढली. तरी तशाच प्रतीच्या माणकापेक्षा ती कमी किमतीत मिळते, आणि किंचित करडी किंवा गुलाबी चालत असेल तर पुष्कळच कमी. फक्त पावतीवर ‘नैसर्गिक स्पिनेल’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘माणकाचे उपरत्न’ हे शब्द पुरेसे नाहीत.

आत्याने अंगठी मोडली नाही. घरात तिला अजून माणकाचीच म्हणतात. आत्या मात्र आता प्रत्येकाला अडवून दुरुस्त करते.